पिशवी कुठली? एका संमतिपत्राच्या अनुवादाच्या नोंदी

९ जून २०२५, सोमवार. नौपाडा

सकाळी वसंत विहारहून एक ताई आल्या. त्यांची धाकटी बहीण नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं इंग्लंडमध्ये आहे. वय ४६. गर्भाशयात फायब्रॉइड, अंगावरून फार जातं, २६ जूनला ऑपरेशन. बाजारहाटापुरतं इंग्रजी येतं, पण डॉक्टरी फॉर्म वाचण्याइतकं नाही. डॉक्टरांनी आपला भाग भरून सही केली आहे. बाई १८ तारखेला तपासणीला जातील तेव्हा त्यांची सही घेतील. मूळ फॉर्म रुग्णालयाच्या फायलीत आहे आणि वाचायला म्हणून त्याची खालची कार्बन प्रत मिळाली आहे. तिचे पाच फोटो.

फोटो बहिणीकडून मेहुण्यांकडे, तिथून ताईंकडे, तिथून माझ्याकडे असे व्हॉट्सॲपवरून फिरत आले, त्यामुळे पार दाबले गेलेत. छापील मजकूर वाचता येतो, हस्तलिखित नाही. त्यात एका फोटोवर ट्यूबलाइटचा पट्टा आहे आणि घडीची रेघ थेट धोक्यांच्या यादीवरून गेली आहे. बहिणीला थेट निरोप पाठवला: कागद टेबलावर सपाट ठेवा, खिडकीशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, मोबाइल बरोब्बर वरून धरा, प्रत्येक पानाचे चारही कोपरे दिसू द्या, हाताने लिहिलेल्या भागाचा जवळून वेगळा फोटो घ्या. आणि फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे मूळ आकारात येतो. आपण साडेचार तास पुढे, त्यामुळे उत्तर संध्याकाळी येईल.

ताईंना दोन गोष्टी आधीच सांगून टाकल्या. मराठी प्रत फक्त वाचण्यासाठी, सही इंग्रजी फॉर्मवरच. आणि फॉर्ममध्ये जे आहे तेच येईल, माझ्या पदरचं एक अक्षर येणार नाही. त्या “हो हो” म्हणाल्या. हे “हो हो” किती टिकतं ते पाहू.

१० जून, मंगळवार

नवे फोटो रात्री आले. चांगले आहेत. नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक असलेलं लेबल कामाच्या प्रतीत आधी झाकून टाकलं. अनुवादात तिथे ‘[रुग्णाचं लेबल]’ एवढंच.

आज वटपौर्णिमा. खाली वडापाशी सकाळपासून गर्दी, दोन तास खिडकी बंद ठेवून बसले.

पद्धत नेहमीची: आधी अनुवाद नाहीच. फॉर्म जसाच्या तसा इंग्रजीत टाइप करायचा, छापील मजकूर एका रंगात, हस्तलिखित दुसऱ्या. जिथे खात्री नाही तिथे चौकटी कंस. हा टप्पा गाळून थेट मराठीत उडी मारली की न वाचलेला शब्दही मराठीत ठाम दिसू लागतो, आणि मग तो आपल्यालाच खरा वाटतो.

तीन जागी अडले. पैकी दोन सुटल्या.

पहिली: मूत्राशय आणि त्याच्या नळीच्या इजेपुढे ‘हजारात ७’ आहे की ‘हजारात १’? डॉक्टर सातला आडवी दांडी देत नाहीत. पण सहीखाली त्यांचा पेजर नंबर आहे, त्यात सात दोनदा आलाय, आणि त्याचं वरचं टोक असंच डावीकडे झुकलेलं आहे. त्यांचा एक मात्र सरळ काठीसारखा. म्हणजे ७. शिवाय ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या, पोटावाटे गर्भाशय काढण्याच्या संमतीविषयीच्या सल्ल्यात हाच धोका हजारात ७ दिला आहे. तो आकडा वाचायला मदत करतो, एवढंच. कागदावर वेगळा आकडा असता तर कागदावरचाच घेतला असता.

दुसरी: त्याच ओळीतली नळी कुठली? इंग्रजीत युरेटर आणि युरेथ्रा हे दोन शब्द दिसायला सख्खे भाऊ आहेत. एक मूत्रपिंडातून मूत्राशयात येणारी नळी, दुसरी मूत्राशयातून बाहेर पडणारी. मोठं करून पाहिलं तर शेवटी ‘ईआर’ स्वच्छ आहे. म्हणजे पहिली, मूत्रवाहिनी. अर्थालाही तेच जुळतं, ती गर्भाशयाच्या अगदी कडेने जाते म्हणून या ऑपरेशनमध्ये तिलाच भीती.

तिसरी सुटली नाही, आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. ऑपरेशनचं नाव लिहायच्या ओळीवर टीएएच, मग एक चिन्ह, मग बीएसओ. टीएएच म्हणजे पोटावर छेद घेऊन संपूर्ण गर्भाशय त्याच्या मुखासकट काढणं. बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या अंडवाहिन्या आणि दोन्ही अंडाशय काढणं. मधलं चिन्ह नुसतं अधिक आहे, की अधिक-उणे?

लिहायच्या जागी ठिपक्यांची छापील रेघ आहे आणि डॉक्टरांचं अक्षर त्या रेघेवर टेकलेलं आहे. अधिकखाली उण्याची दांडी असेल तर ती नेमकी त्या ठिपक्यांवर पडणार. चारपट मोठं केलं. चिन्हाखालचे चार ठिपके एकमेकांना जोडलेले दिसतात, आजूबाजूचे सुटे. ती पेनाची रेघ असेल, किंवा कार्बन पसरला असेल. वरच्या प्रतीवर निळी शाई क्षणात सांगेल. कार्बनवर सगळंच राखाडी.

फरक दांडीएवढा नाही. ‘अधिक’ असेल तर अंडाशय जाणार हे ठरलेलं आहे. ‘अधिक-उणे’ असेल तर कदाचित काढतील, ते आत पाहून सर्जन ठरवतील. ४६ व्या वर्षी दोन्ही अंडाशय गेले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास, एरवी वर्षानुवर्षं हळूहळू येणारा, ऑपरेशननंतर लगेच सुरू होतो. ताईंना फोन करून विचारलं, बहिणीला काय सांगितलंय? “पिशवी काढणार एवढंच माहितीय तिला.”

आपल्याकडचा समीरा कोहली खटला आठवला. दुर्बिणीने तपासणी म्हणून भूल दिली, आणि ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे काढण्याची संमती नव्हे, आणि सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली संमती चालत नाही. ऑपरेशन नेमकं हेच होतं, टीएएच आणि बीएसओ.

मी अंदाज करणार नाही. बहिणीला लिहिलं: रुग्णालयात स्त्रीरोग विभागाला फोन करून फक्त एवढं विचारा की त्या ओळीवर काय लिहिलंय, आणि अंडाशय काढायचे ठरलेत का. दुभाषी मागा, मागितला की देतात.

११ जून, बुधवार

आज दिवसभर एका शब्दाशी झटापट: पिशवी.

मराठी बाई गर्भाशय म्हणत नाही, पिशवी म्हणते. “तिची पिशवी काढली” म्हटलं की कुणी विचारत नाही कुठली. पण लघवीचीही पिशवीच असते आणि पित्ताचीही. या फॉर्मवर पहिल्या दोन्ही आहेत: एक काढायची आहे, दुसरीला इजा होऊ शकते. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यात एका जागी ‘पिशवीला किंवा नळीला इजा’ असं राहून गेलं होतं. घाईत मीच लिहिलेलं. वाचणारी विचारेल, जी काढूनच टाकणार तिला इजा झाली तर बिघडलं काय?

तर आता नियम: नुसता ‘पिशवी’ शब्द कुठेही नाही. गर्भाशयासाठी पहिल्यांदा ‘गर्भाशय, म्हणजे गर्भाची पिशवी’, पुढे सगळीकडे गर्भाशय. मूत्राशयासाठी दरवेळी ‘लघवीची पिशवी’. मूत्रवाहिनीला ‘लघवीची नळी’ म्हटलं तर बाहेर पडणारीच डोळ्यापुढे येते, म्हणून लांबलचक पण सरळ: ‘किडनीतून लघवीच्या पिशवीत लघवी आणणारी नळी’.

‘संपूर्ण’ शब्दावरही थबकले. टीएएचमधल्या टी चा अर्थ गर्भाशयमुखासकट एवढाच. मराठीत ‘संपूर्ण काढणे’ वाचून लोक समजतात की आजूबाजूचंही सगळं, अंडाशयासकट. म्हणून ‘संपूर्ण गर्भाशय, त्याच्या मुखासह’ असं लिहिलं. अंडाशयांचा प्रश्न त्याच्या स्वतंत्र शब्दांत, स्वतंत्र ओळीत.

फायब्रॉइडला मराठीत ‘गाठी’ म्हणतात आणि गाठ म्हटलं की आपल्याकडे एकच विचार येतो. ‘कॅन्सर नसलेल्या’ असं जोडायचा मोह झाला. पण फॉर्मवर ते नाही, म्हणून नाही. ‘फायब्रॉइड’ तसंच ठेवलं, तो शब्द त्या तीन वर्षं ऐकतायत.

१२ जून, गुरुवार

आकडे. फॉर्मवर शब्दही आहेत आणि आकडेही, आणि अपूर्णांकाचा छेद सगळीकडे सारखा नाही: रक्त द्यावं लागेल इतका रक्तस्राव हजारात २३, आतड्याला इजा दहा हजारांत ४, सहा आठवड्यांत मृत्यू लाखात ३२. सगळं एका छेदावर आणलं असतं तर तुलना सोपी झाली असती, पण मग मराठी प्रत हातात घेऊन बाई डॉक्टरांसमोर बसल्या की दोन कागदांवर दोन वेगळे आकडे. छेद आहेत तसेच ठेवले. आकडे मात्र ‘दर १०,००० बायकांपैकी ४ जणींना’ असे पूर्ण वाक्यात लिहिले. ‘लाखात’ हा सुटा शब्द नकोच. आपल्याकडे लाखात एक म्हणजे कौतुक.

शब्दांची गंमत वेगळीच. रॉयल कॉलेजच्या पट्टीत ‘नेहमीचा’ म्हणजे दहात एक ते शंभरात एक, त्याखालचा शंभरात एक ते हजारात एक, मग ‘दुर्मिळ’ म्हणजे हजारात एक ते दहा हजारांत एक. मधल्या पायरीच्या इंग्रजी शब्दाला शब्दकोश ‘असामान्य’ देतो, आणि असामान्य म्हणजे आपल्याकडे लता मंगेशकरांचा आवाज. ‘क्वचित’ घेतला. वरच्या पायरीला ‘सामान्य’ लिहिलं तर वाचणारीला वाटतं, काही विशेष नाही. पण त्याच पायरीवर रक्त द्यावं लागण्याचा धोका बसलाय. ‘नेहमी आढळणारा’ घेतला, आणि प्रत्येक शब्दाला चिकटून त्याचा आकडा. शब्द डळमळला तरी आकडा धरून ठेवेल.

मथळ्यातला ‘किंवा’ सांभाळला: ‘गंभीर किंवा वारंवार उद्भवणारे धोके’. ‘आणि’ केलं तर सगळेच धोके गंभीरही आणि वारंवारही होतात.

दुपारी ताईंचा फोन. अपेक्षित होता. “ते मृत्यूचं एक वाक्य गाळता नाही का येणार? ती फार भित्री आहे हो. इंग्रजीत आहे ना, तिथे राहू दे.” मी म्हटलं, सही कोण करणार आहे? म्हणाल्या, “तीच.” मग वाचायलाही तिलाच हवं. त्या गप्प. मग म्हणाल्या, “निदान शेवटी तरी टाका.” तेही नाही. डॉक्टरांनी ते गंभीर धोक्यांच्या यादीत जिथे लिहिलंय, तिथेच येणार. मी क्रम बदलला तर मी त्या धोक्याचं वजन बदललं. ब्रिटनमध्ये २०१५ च्या माँटगोमेरी निकालानंतर कसोटी हीच आहे की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल तो तिला सांगायलाच हवा. बाहेरच्या खोलीत बसून ते आम्ही दोघींनी कसं ठरवायचं?

फोन जरा तुटकपणे ठेवला त्यांनी.

१३ जून, शुक्रवार

सह्यांच्या ओळी. फॉर्मवर सहीच्या सहा जागा आहेत, आणि मराठीत सगळ्यांना ‘सही’ म्हटलं की झालं, असा समज आमच्याकडे कामाला लागलेल्या नव्या मुलाचा. त्याच्या मसुद्यात सहाही ठिकाणी ‘सही: ________’. अशाने दोन गोष्टी होतील. एक, बाई मराठी प्रतीवरच सही करून मोकळ्या होतील. दुसरी जास्त वाईट: खाली महत्त्वाच्या सूचनांमध्ये, रुग्णाने संमती मागे घेतली असल्यास रुग्णाने इथे सही करावी, अशी एक ओळ आहे. नुसती ‘सही’ वाचून तिथे सही केली तर अर्थ बरोब्बर उलटा.

आता कोरी रेघ एकही नाही. जे फॉर्मवर दिसतं ते कंसात:

‘डॉक्टरांची सही: [सही आहे, वाचता येत नाही]’
‘रुग्णाची सही, संमती देण्यासाठी: [मूळ फॉर्मवर जागा रिकामी]’
‘साक्षीदाराची सही, रुग्णाची संमती आहे पण तिला सही करता येत नसेल तरच: [रिकामी]’
‘दुभाष्याची सही: [रिकामी]’
‘दाखल होताना संमती कायम असल्याची खात्री केल्याबद्दल डॉक्टर किंवा नर्सची सही: [रिकामी]’
‘रुग्णाची सही, दिलेली संमती मागे घेतली असेल तरच: [रिकामी]’

दुभाष्याच्या जागी मी सही करून स्कॅन पाठवावा का, असं बहिणीच्या यजमानांनी विचारलं होतं. नाही. तिथलं वाक्य असं आहे की वरची माहिती मी रुग्णाला समजेल अशा रीतीने माझ्या कुवतीप्रमाणे सांगितली. डॉक्टर बोलत असताना मी तिथे नव्हते. त्या खोलीत जो दुभाषी असेल त्याची ती जागा.

नव्या मुलाचं आणखी एक रत्न. ‘प्रत रुग्णाने घेतली: हो / नाही’ याच्या पुढे कंसात, लागू असेल त्याभोवती गोल करा, अशी सूचना आहे. त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ घेऊन त्याने लिहिलं, ‘कृपया फोन करा’. आणि नावापुढे ठळक अक्षरांत लिहायची सूचना होती, तिथे ‘नाव (छापा)’. हसून झालं, मग त्यालाच दुरुस्त करायला दिलं.

सही करणाऱ्या डॉक्टरांच्या हुद्द्यापुढे ‘एसटी ५’ आहे. ते तसंच ठेवून तळटीप: तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाचं पाचवं वर्ष. ‘शिकाऊ डॉक्टर’ लिहिलं असतं तर ताईंचा पुन्हा फोन आला असता. त्याच पानावर छापील वाक्य आहे की अमुकच व्यक्ती ऑपरेशन करेल याची हमी देता येत नाही, जी करेल तिला पुरेसा अनुभव असेल. त्याची दोन्ही अर्धी वाक्यं एकाच वाक्यात ठेवली.

१४ जून, शनिवार. वाशी

ठाणे-वाशी लोकलने सहकारी मैत्रिणीकडे. ती इंग्रजी मूळ न बघता माझ्या मराठीवरून पुन्हा इंग्रजी करते, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतो. उलट अनुवादात भाषा कशी आहे ते कळत नाही, पण काय सांडलं ते कळतं.

दोन गोष्टी सांडल्या होत्या. जादा प्रक्रियांबद्दलच्या छापील वाक्यात ‘जीव वाचवण्यासाठी किंवा प्रकृतीला गंभीर हानी टाळण्यासाठी आवश्यक असेल तरच’ असं आहे. माझ्या मराठीत ‘तरच’ चा ‘तर’ झाला होता. एक च गेला आणि अट सैल झाली. दुसरी भुलेची. पूर्ण भूल ‘आणि/किंवा’ ठरावीक भागाची भूल अशा एकाच चौकटीवर खूण आहे. मी नुसतं ‘किंवा’ केलं होतं.

मग तिच्या सासूबाईंना, तपशील काढलेली प्रत वाचायला दिली आणि विचारलं, यात काय काढणार आहेत? “पिशवी, तोंडासकट.” आणि अंडाशय? चष्मा वर करून त्या म्हणाल्या, “ते तुम्हालाच माहीत नाहीये की.” कारण तिथे मी लिहिलं होतं: ‘[हस्तलिखित चिन्ह अस्पष्ट: “आणि” किंवा “आवश्यक वाटल्यास”. डॉक्टरांना विचारावे] दोन्ही अंडवाहिन्या व दोन्ही अंडाशय काढणे’. बरोबर समजलं होतं त्यांना.

१७ जून, मंगळवार

काल पाठवलेली मराठी प्रत बहिणीने वाचली. मृत्यूच्या ओळीबद्दल एक शब्द नाही. फोनवर पहिला प्रश्न: “ताई, अंडाशयाचं मला कुणी बोललंच नव्हतं की माझ्या लक्षात नाही आलं?” मी म्हटलं, ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी विभागातून डॉक्टरांचा फोन तिला आला, दुभाषी लाइनवर. चिन्ह अधिक-उणेच होतं. आत अंडाशय रोगट दिसले तर काढायचे, असा त्यांचा हेतू. तिने सांगितलं, मला ठेवायचेत. त्यावर वीसेक मिनिटं बोलणं झालं म्हणे. उद्या नवा फॉर्म भरणार.

१९ जून, गुरुवार

नव्या फॉर्मचे फोटो, या वेळी वरच्या प्रतीचे, निळ्या शाईत, डॉक्युमेंट म्हणून. ऑपरेशनच्या ओळीवर आता संक्षेप नाहीत, पूर्ण शब्द आहेत: पोटावाटे संपूर्ण गर्भाशय आणि दोन्ही अंडवाहिन्या काढणे, अंडाशय ठेवणे. लागू शकणाऱ्या जादा प्रक्रियांत रक्त देणे, लघवीची पिशवी किंवा आतडं दुरुस्त करणे, आणि अनपेक्षित रोग आढळल्यास अंडाशय काढणे. धोक्यांच्या यादीत बदल नाही, तरी ओळन् ओळ पुन्हा ताडून पाहिली. सह्या योग्य जागी. संमती मागे घेण्याची जागा कोरी. दुभाष्याची सही आहे, माझी नाही.

रुग्णाच्या भागात छापील ओळ आहे: पुढे आणखी चर्चा केल्याशिवाय ज्या प्रक्रिया माझ्यावर करू नयेत असं मला वाटतं त्या मी खाली लिहिल्या आहेत. पहिल्या फॉर्मवर तिथे काहीच नव्हतं. आता मोठ्या, थोड्या वाकड्या कॅपिटल अक्षरांत एकच शब्द आहे आणि तो तिचाच. मराठी प्रतीत तो असा गेला:

‘[हस्तलिखित, रुग्णाच्या अक्षरात] अंडाशय’